जुन्या फोटोतला बदललेला चेहरा : नेरळच्या एका गट-फोटोची गोष्ट



आजचा विषय थोडा वेगळा आहे. इतिहासाच्या व्याख्यानात आपण बखरी, दप्तरं, ताम्रपट यांच्याबद्दल बोलतो. आज आपण घरातल्या भिंतीवरच्या फोटोबद्दल बोलणार आहोत. जुना, काळा-पांढरा, ओल लागलेला, कसरीनं खाल्लेला फोटो. आणि त्यातही एकच प्रश्न घेणार आहोत. अशा फोटोत एखाद्याचा चेहरा गेला असेल आणि त्या जागी दुसरीकडून आणून चेहरा बसवला, तर त्या फोटोचं काय होतं? तो अजून इतिहासाचा पुरावा राहतो का?

हे आता घरोघरी होऊ लागलंय. मोबाइलवर फोटो टाकायचा, एक बटण दाबायचं, की पणजोबांचा फाटका चेहरा लख्ख होऊन येतो. आम्ही गेली काही वर्षं नेरळ आणि आसपासच्या गावांमधले घरगुती फोटो स्कॅन करून ठेवतोय, त्यामुळे हा प्रश्न आमच्यासमोर दर महिन्याला येतो. लोक म्हणतात, "स्कॅन केलाच आहे, तर चेहरापण नीट करून द्या ना." या 'नीट करून द्या'मध्ये काय काय दडलेलं आहे, ते आज पाहू.

नेरळचे फोटो असे का खराब होतात

नेरळ माथेरानच्या पायथ्याशी आहे. पावसाळ्याचे चार महिने घरातली हवा ओली असते. जुना फोटो म्हणजे कागदावर जिलेटिनचा थर, आणि त्या थरात चांदीचे बारीक कण. जिलेटिन म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला सरस. ओल लागली की तो फुगतो, मऊ होतो आणि फ्रेमच्या काचेला चिकटतो. बुरशी तर त्याच्यावरच वाढते. कसर आणि चंदेरी किडा कागद आणि सरस दोन्ही खातात. २६ जुलै २००५ च्या पावसात माथेरानची छोटी गाडी ज्या डोंगरावरून जाते तो मार्ग उखडला, गाडी २००७ पर्यंत बंद राहिली. त्या पावसात खाली ज्यांच्या घरात पाणी आलं, त्यांच्या ट्रंका भिजल्या. फोटो एकमेकांना चिकटले, ते घाईनं सोडवताना चेहरे निघून आले. चेहरेच का? कारण चिकटलेला फोटो माणूस मधून ओढतो, आणि मधे माणसं असतात.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका. काचेसकट स्कॅन करा. काचेतून आलेलं चित्र थोडं मंद येईल, पण पूर्ण येईल.

या भागातल्या साध्या घरगुती फोटोंना आम्ही एवढं महत्त्व का देतो, तेही सांगायला हवं. माथेरानला जन्मलेले भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर मारले गेले. त्यांच्या आझाद दस्त्याला भाकरी देणारी, निरोप पोचवणारी माणसं याच गावांतली होती, आणि अशा माणसांची नावं कागदावर क्वचित येतात. त्या काळात कोण कोणाच्या लग्नाला होतं, कोण कोणाच्या शेजारी बसलं होतं, याची नोंद कधी कधी फक्त अशा गट-फोटोत असते. म्हणून अशा फोटोतला चेहरा हा त्या घराच्या प्रेमाचा विषय आहेच, पण तो साक्षीदारही आहे.

चेहरे आणि माणसं जोडणं नवं नाही

लोकांना वाटतं, फोटोतलं फसवणं संगणकानं आणलं. तसं नाही. आपल्या मुंबईतलंच जुनं उदाहरण घ्या. विल्यम जॉन्सन नावाच्या छायाचित्रकारानं मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचं एक पुस्तक काढलं. त्याचे दोन भाग १८६३ आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातली पुष्कळ चित्रं जोडलेली आहेत. माणसांचे फोटो वेगळे काढले, ती माणसं कापून घेतली, आणि मुंबईतल्या एखाद्या जागेच्या किंवा निसर्गाच्या चित्रावर बसवली. नीट पाहिलं की कळतं. माणसांच्या कडा जरा जास्त धारदार आहेत, आणि अंगावरचा उजेड मागच्या जागेच्या उजेडाशी जुळत नाही.

खुद्द डोकंच बदलण्याचं प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलं. जनरल ग्रँट घोड्यावर बसून छावणीसमोर उभा आहे, असा एक फोटो बरीच वर्षं खरा म्हणून चालला. तो १९०२ च्या सुमारास तीन फोटोंतून बनवलेला आहे. डोकं ग्रँटचं, घोडा आणि धड दुसऱ्याच सेनानीचं, आणि मागची माणसं म्हणजे पकडलेले युद्धकैदी. हे आज एवढं ठामपणे सांगता येतं ते कशामुळे? ज्या तीन फोटोंतून तो बनवला, ते तिन्ही वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपलेले आहेत. मूळ राहिलं, म्हणून बदल सापडला. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

आणि आपल्या घरांमध्ये? आपल्याकडचे स्टुडिओवाले जोडफोटो करायचेच. नवरा गेला, दोघांचा एकत्र फोटो कधी काढलाच नव्हता, तर त्याचा एखाद्या गटातला फोटो आणि बायकोचा नवा फोटो घ्यायचा. दोन्ही एका मापात छापायचे. पातीनं कापून एका पुठ्ठ्यावर चिकटवायचे. कडा ब्रशनं रंगवून मिटवायच्या, आणि त्या सगळ्याचा परत एकदा फोटो काढायचा. त्याला कॉपी म्हणत. अशा फोटोत काही गोष्टी हमखास सापडतात. कॉपीची कॉपी झाल्यानं मधल्या करड्या छटा गळतात, काळं फार काळं आणि पांढरं फार पांढरं होतं. खांदा आणि मान यांच्यामध्ये रंगवलेला गुळगुळीत पट्टा दिसतो. दोघांच्या डोळ्यांतला उजेडाचा ठिपका वेगवेगळ्या बाजूला असतो.

म्हणजे जुना कारागीर चेहरा बदलायचा, पण हाताच्या खुणा ठेवून जायचा. त्या खुणा लपवाव्यात असं त्याला वाटायचं, पण पूर्ण लपवणं त्याला शक्यच नव्हतं. आज काय बदललंय, तर या खुणा राहत नाहीत.

एक फोटो नीट पाहू

आता पडद्यावर जो फोटो आहे तो पाहा. नेरळजवळच्या एका घरातला आहे. घरच्यांनी दाखवायला परवानगी दिली आहे, नाव आम्ही सांगणार नाही. मागे शाईनं लिहिलंय 'वैशाख, शके १८६९'. शकात ७८ मिळवले की १९४७. म्हणजे स्वातंत्र्याच्या तीन-चार महिने आधीचं लग्न. एकूण चौदा माणसं. मागे सात जण उभे, पुढे पाच जण खुर्च्यांवर, खाली सतरंजीवर दोन पोरं. फोटोचं माप पावणेपाच बाय साडेसहा इंच, म्हणजे हाफ प्लेट. काचेच्या प्लेटवरून तेवढ्याच मापात थेट छापलेला.

पुढच्या रांगेत उजवीकडून दुसरी बाई पाहा. या घरातली पणजी, तेव्हा वीस-एकवीस वर्षांची. तिचा चेहरा गेलाय. डोळे, नाक आणि वरचा ओठ जिथे होते तिथे कागदाचा पांढरा भाग दिसतोय. पण सगळा गेलेला नाही. कपाळ आहे, त्यावरचं कुंकू आहे, एक कान आणि त्यातली कुडी आहे, खालचा ओठ आणि हनुवटी आहे. हे राहिलेलं फार मोलाचं आहे. का, ते पुढे कळेल.

पहिली पायरी स्कॅनिंगची. या फोटोत एकेक चेहरा किती रुंद आहे? मोजला तर सुमारे पाव इंचाहून थोडा जास्त, शून्य पूर्णांक तीन इंच. तीनशे डीपीआयवर स्कॅन केला तर त्या चेहऱ्याला मिळतात नव्वद ठिपके. बाराशेवर केला तर तीनशे साठ. आणि घरच्यांनी आधी आम्हाला व्हॉट्सॲपवर जो पाठवला होता, त्यात लांबीकडून साधारण सोळाशेच ठिपके उरले होते. म्हणजे चेहऱ्याला चौऱ्याहत्तर. एका डोळ्याला जेमतेम पंधरा. पंधरा ठिपक्यांत पापण्या मावत नाहीत. तेव्हा चौऱ्याहत्तर ठिपक्यांच्या चेहऱ्यावर काम करून कुणी तुम्हाला पापण्या दाखवल्या, तर त्या फोटोतून आलेल्या नाहीत एवढं गणितानंच सिद्ध होतं. म्हणून मूळ फोटो हातात घ्या आणि बाराशेवर स्कॅन करा. त्याच्या पुढे गेलात तर या प्रकारच्या फोटोत कागदाचं पोतच मोठं दिसतं, माणूस नाही.

आणखी एक. फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीतच करा. कारण डाग पिवळे-तपकिरी असतात. रंगीत स्कॅनचे लाल, हिरवा, निळा असे तीन भाग सुटे करता येतात. पिवळा डाग निळ्या भागात गडद दिसतो आणि लाल भागात जवळजवळ नाहीसा होतो. तुम्ही नुसता लाल भाग घेतलात की अर्धे डाग काही न पुसता गेले. कुणाच्या चेहऱ्याला हात लावावा लागला नाही.

कुणाचा चेहरा बसवायचा?

आता खरा प्रश्न. घरच्यांकडे पणजीचा दुसरा एकच फोटो होता. १९७२ च्या सुमाराचा, पासपोर्टच्या मापाचा. त्यात ती पंचेचाळिशीची, समोर बघतेय, दोन्ही बाजूंनी स्टुडिओचे दिवे. गट-फोटोत मात्र ती किंचित डावीकडे वळलेली, आणि उजेड अंगणातला, एका बाजूनं येणारा. घरातल्या तरुण मंडळींनी सुचवलं, "आमची ताई अगदी पणजीसारखी दिसते. तिचा त्याच कोनातून मोबाइलवर फोटो काढू आणि तो चेहरा बसवू." ताई म्हणजे पणजीची पणती. मशीनला देऊनही पाहा, असंही म्हणाले.

म्हणून आम्ही तिन्ही करून पाहिलं. एकेक घेऊ.

आधी मशीनचं. चेहरा बदलणारी जी प्रणाली सध्या खूप वापरात आहे, तिच्या फाइलचं नाव `inswapper_128`. नावातच मर्यादा आहे. ती चेहरा १२८ बाय १२८ ठिपक्यांच्या चौकोनात बनवते. काम असं चालतं. आधी फोटोत चेहरा शोधायचा आणि पाच खुणा पकडायच्या, दोन डोळे, नाकाचं टोक, ओठांचे दोन कोपरे. मग ज्याचा चेहरा आणायचा, त्याच्या फोटोचं ५१२ आकड्यांत रूपांतर करायचं. हे आकडे म्हणजे त्या माणसाची ओळख. आणि त्या आकड्यांवरून नवा चेहरा जुन्या चेहऱ्याच्या कोनात आणि उजेडात घडवायचा. आमच्या फोटोत पहिल्याच पायरीला अडलं. पणजीचे डोळेच नाहीत, तर पाच खुणा कुठून पकडणार? आधी हातानं काहीतरी चेहरा बसवा, मग मशीन तो बदलेल, अशी वेळ येते.

तो १२८ चा चेहरा धूसर दिसतो, म्हणून त्यावर दुसरं अवजार चालवतात, चेहरा सुधारणारं. जीएफपीगॅन हे त्यातलं २०२१ मधलं, बरंच वापरलं जाणारं. ते शिकलंय कशावर? फ्लिकर या संकेतस्थळावरून घेतलेल्या सत्तर हजार चेहऱ्यांच्या संग्रहावर. म्हणजे रंगीत, डिजिटल कॅमेऱ्यानं काढलेले, आजचे चेहरे. आता विचार करा. १९४७ च्या नेरळच्या बाईचा धूसर चेहरा त्याला दिला, तर जे तपशील त्यात नाहीत ते ते कुठून भरणार? त्या सत्तर हजारांतून. त्वचा गुळगुळीत, भुवया कोरलेल्या, डोळ्यांत आजच्या खिडकीसारखा चमकता ठिपका. कपाळावरचं गोंदण त्याला घाण वाटते, अनेकदा ते पुसून टाकतं. नथीचा नाकावर पांढरा ओरखडा होतो. आणि सगळ्यात धोक्याचं म्हणजे, पूर्ण फोटोवर चालवलं तर ते फक्त पणजीला नाही, चौदाही जणांना सुधारतं. ज्यांचे चेहरे शाबूत होते तेही हलकेच बदलतात. मागच्या रांगेतले आजोबा थोडे वेगळे दिसायला लागतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

पणतीचा चेहरा

दुसरा प्रयत्न, पणतीच्या मोबाइल-फोटोचा. कोन जुळला, उजेड जुळवता आला, वयही जुळलं. तरी चेहरा उपरा दिसत होता. का? याचं उत्तर १९४७ च्या प्लेटमध्ये आहे.

या फोटोत सगळ्या बायकांचं कुंकू पाहा. काळंभोर. लाल कुंकू इतकं काळं का? कारण त्या काळच्या बऱ्याच प्लेटांना लाल रंग दिसतच नसे. त्यांना ऑर्थोक्रोमॅटिक म्हणत. लाल उजेडाचा त्यांच्यावर परिणाम होत नाही, म्हणून लाल वस्तू छापात काळी येते. ओठ गडद, आपली सावळी कातडीही असते त्यापेक्षा गडद. आज मोबाइल रंगीत फोटो काळा-पांढरा करतो तेव्हा तो लाल, हिरवा, निळा तिन्ही मिसळतो, साधारण ३०, ५९ आणि ११ टक्के. गडद लाल कुंकवाची छटा त्या हिशेबानं ० ते २५५ च्या पट्टीवर साठ-पासष्टच्या आसपास येते. लाल पूर्ण काढून हिरवा आणि निळा निम्मे-निम्मे घेतले, तर तीच छटा पंचवीसवर उतरते. ओठ आणि गालही त्या प्रमाणात गडद होतात. म्हणजे रंगीत फोटो जुन्या गटात बसवायचा असेल, तर नुसता 'ब्लॅक अँड व्हाइट' करून चालत नाही. लाल वगळून करायचा. हे कुणी सांगितलं? पणजीच्या कपाळावर उरलेल्या कुंकवानं. म्हणून म्हटलं, उरलेलं फार मोलाचं आहे.

हे केल्यावर चेहरा खरोखर छान बसला. इतका, की पाहणाऱ्याला कळणार नाही. आणि तिथेच अडचण आहे.

त्या घरात पणजीची नणंद अजून आहे, नव्वदीच्या पुढची. सगळे त्यांना आत्या म्हणतात. आम्ही काही न सांगता तो फोटो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी एकेकाची नावं घेतली. पणजीजवळ आल्या आणि थांबल्या. म्हणाल्या, "ही आपली ताई इथे कशी बसली?"

आता आत्या आहेत म्हणून हे कळलं. तीस वर्षांनी कळणार नाही. तेव्हा घरातलं कुणीतरी हाच फोटो दाखवून म्हणेल, "बघा, ताई अगदी पणजीसारखी दिसते की नाही!" आणि पुरावा म्हणून जो चेहरा दाखवेल, तो ताईचाच असेल. साम्य दाखवण्यासाठी जो फोटो वापरायचा, तोच त्या साम्याच्या समजुतीवरून बनवलेला. इतिहासात यापेक्षा वाईट पुरावा नसतो, कारण तो स्वतःलाच साक्ष देतो. म्हणून नातेवाइकाचा चेहरा कधीही वापरू नये, हा आमचा नियम आहे.

त्याच माणसाचा चेहरा, आणि फक्त गेलेला भाग

राहिला १९७२ चा फोटो. तो निदान तिचाच आहे. तो आम्ही हातानं बसवला. कसा, ते थोडक्यात सांगतो.

पहिला मोह असतो फोटो उलटवण्याचा. चेहरा दुसऱ्या बाजूला वळलेला असेल किंवा उजेड उलट्या बाजूनं असेल, तर आरशासारखा फिरवला की प्रश्न सुटतो असं वाटतं. फिरवू नका. आपल्याकडे नथ डाव्या नाकपुडीत. फिरवली की उजवीकडे जाते. तीळ दुसऱ्या गालावर जातो. आणि कुठलाच चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो, जवळच्या माणसाला उलटा चेहरा लगेच खटकतो.

मग माप. दोन्ही फोटोंत डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर जुळवायचं असतं, पण इथे डोळे नाहीत. म्हणून कुंकू ते हनुवटी हे अंतर धरलं. दोन्ही राहिलेल्या खुणा. नंतर तीक्ष्णपणा. पासपोर्ट फोटोतला चेहरा मोठा, म्हणून जास्त स्पष्ट. तो आधी तेवढाच लहान करायचा, जेवढे ठिपके गटातल्या शेजारच्या चेहऱ्यांना आहेत, म्हणजे तीनशे साठ. नाहीतर चौदा धूसर माणसांत एकच कोरीव चेहरा दिसतो. मग छटा. जुन्या फोटोत काळं हे पूर्ण काळं नसतं आणि पांढरं पूर्ण पांढरं नसतं. या फोटोत सर्वांत गडद जागा चाळिसाच्या वर होती आणि सर्वांत उजळ दोनशेच्या आसपास. आणलेला चेहराही त्याच दोन टोकांत बसवायचा. शेवटी दाणा. शेजारच्या गालावर जसा बारीक रवाळपणा आहे, तसाच या गालावर द्यायचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. पूर्ण चेहरा बदलायचा नाही. जो भाग कागदावरून गेलाय, तेवढाच भरायचा. कपाळ तिचंच १९४७ चं, कान तिचाच, हनुवटी तिचीच. मधले डोळे, नाक आणि वरचा ओठ १९७२ चे. कोन जुळत नव्हता, तो आम्ही ओढूनताणून जुळवला नाही. दहा-पंधरा अंशांच्या पलीकडे सपाट फोटो वळवला की नाक एका बाजूला घसरतं. वयही कमी केलं नाही. पंचेचाळिशीचे डोळे विशीचे करायचे म्हणजे पुन्हा कल्पनाच.

आत्यांना हा फोटो दाखवला. म्हणाल्या, "हो, ही वहिनीच. पण लग्नात ती एवढी पोक्त नव्हती." बरोबरच आहे. जे आहे ते त्यांनी ओळखलं, आणि जे जुळत नाही तेही त्यांनी सांगितलं. फोटोनं त्यांना फसवलं नाही.

बदल कसा ओळखायचा

कुणीतरी दिलेल्या फोटोत चेहरा बदललाय का, हे कसं तपासायचं? सगळ्यात सोपी खूण म्हणजे इजा. फोटोवरची चीर, दुमड, ओघळ यांना माणूस आणि भिंत यातला फरक कळत नाही. दुमड खांद्यावरून येतेय, मानेवरून येतेय आणि हनुवटीपाशी थांबून डोक्याच्या वर पुन्हा सुरू होतेय, तर मधला चेहरा नंतर आलाय. दुसरी खूण दाण्याची. फोटो चौपट मोठा करा आणि दोन शेजारच्यांचे गाल पाहा. एक रवाळ, एक मेणासारखा, तर मेणासारखा संशयित. तिसरी खूण कुंकू, ओठ आणि डोळ्यांतल्या ठिपक्याची. गटातल्या सगळ्यांशी जुळतात का ते बघा. चौथी, घरातले इतर फोटो काढा. तोच चेहरा, तेच भाव, तीच मान दुसऱ्या एखाद्या फोटोत सापडली, तर तो तिथून आलाय. दोन वेगळ्या दिवशी माणूस हुबेहूब सारखा बसत नाही.

पण खरं सांगायचं, तर चांगल्या हातानं केलेला बदल या चारही चाचण्यांतून सुटू शकतो. खोट्या चिरासुद्धा काढता येतात. म्हणून ओळखण्यापेक्षा नोंद महत्त्वाची. ग्रँटचा फोटो आठवा. मूळ राहिलं, म्हणून बदल सापडला.

म्हणून आमच्याकडे प्रत्येक फोटोच्या दोन फाइल असतात. एक `mool.tif`, स्कॅन झाल्यावर जिला कुणीही हात लावायचा नाही, डागासकट, भोकासकट. दुसरी `badal.jpg`. बदललेल्या फाइलमध्ये आतल्या माहितीतही नोंद करता येते, पण व्हॉट्सॲपवर पाठवला की ती बहुतेक गळून जाते. म्हणून आम्ही फोटोच्या खाली पांढरी पट्टी जोडतो आणि त्यावर छापतो : "पुढील रांग, उजवीकडून दुसऱ्या : डोळे, नाक व वरचा ओठ १९७२ च्या फोटोतून." पट्टी कापली तर कापली, पण ती कापायला कुणाला तरी कात्री हातात घ्यावी लागेल.

घरच्यांनी शेवटी काय नेलं, तेही ऐका. पट्टीचा फोटो त्यांनी घेतला, पण भिंतीवर लावला तो वेगळाच. जुन्या शाळांचे, मंडळांचे गट-फोटो तुम्ही पाहिले असतील. जो त्या दिवशी हजर नसे, त्याचा चेहरा वरच्या कोपऱ्यात गोलात छापत. ना कुणाच्या धडावर, ना कुणाच्या जागी. हा माणूस आपला आहे, पण या क्षणी इथे नव्हता, असं तो गोल सरळ सांगतो. त्या घरानं तेच करायला सांगितलं. खाली १९४७ चा फोटो, भोकासकट. वर उजव्या कोपऱ्यात गोलात १९७२ ची पणजी. आत्यांनी सुचवलं ते. म्हणाल्या, "तिची जागा तिथेच आहे ती सगळ्यांना दिसू दे, आणि तोंड वर दिसू दे."

तुमच्या घरी असे फोटो असतील, तर चेहरा बदलण्याआधी तेवढी एक मूळ प्रत काढून ठेवा, आणि ज्यांना माणसं आठवतात त्यांच्याकडून मागे नावं लिहून घ्या. पेन्सिलीनं, शाईनं नको, ती ओल्या हवेत पुढच्या बाजूला उतरते.

आम्ही इथे थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.